आठ दिवसांचं कलम

गुणाबाईचं तोंड फटकळ होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, ही बाई अशी कशी बोलते हो! चांद्याच्या कोटाच्या आत, पठाणपुऱ्याच्या बाजूला, तिचं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. नवरा जंगल खात्याच्या डेपोत लाकडं मोजायचा. तो गेला, पोटी लेकरू नाही, दीर-जावा आपापल्या घरी सुखी. बाई भट्टी लावून मुरमुरे फोडायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायची आणि रस्त्याकडची खोली किरायाने द्यायची. भांडायला कोणी नसलं की कावळ्यांशी भांडायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, गुणाबाईच्या जिभेला हाड नाही. खोटं नव्हतं ते. पण त्याच बाया अडल्यानडल्या की हिच्याच ओट्यावर येऊन बसायच्या, हेही तितकंच खरं.

तिचा किरायदार अयूब. टिनाच्या पेट्या बनवायचा. लग्नात पोरीला देतात ना, फुलं रंगवलेली पेटी, ती. पस्तिशी उलटलेली, लग्नाचा योग आलेला नाही, दाढी नीट राखलेली, आवाज इतका हळू की त्याच्या हातोडीवरच सगळा आवाज खर्च होत असावा. वडशाला चुलत्याच्या घरी त्याची म्हातारी आई असायची. चांद्यात त्याचं आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं.

आणि माणूस कसा? कागदाचा पक्का! किरायाचिठ्ठी झाली त्या दिवसापासून त्याने ती देवाचा हुकूम असावी तशी पाळली. चिठ्ठीत लिहिलं होतं, दिवेलागणीनंतर ठोकठाक करू नये. गल्लीत पहिला कंदील लागला की अयूबची हातोडी जिथल्या तिथे थांबायची. अर्धी रिवेट तशीच राहायची. गिऱ्हाईक समोर बसून 'अरे, दोन ठोके मारून दे ना बाप्पा' म्हणायचं. हा म्हणायचा, "सकाळी या."

दुसरं कलम असं की घरमालकाच्या परवानगीशिवाय भिंतीला खिळा ठोकू नये. आता खिळा ही काय विचारायची गोष्ट आहे? पण अयूब तळहातावर खिळा घेऊन गुणाबाईच्या दारात उभा राहायचा.

"बाई, सदरा टांगाले एक खिळा ठोकू का?"

"ठोक ना बाप्पा! माह्या डोक्यात नको ठोकू म्हंजे झालं."

महिन्याभराने पुन्हा हजर. "बाई, आरसा लावाचा आहे."

"तुह्या खिळ्यापायी मले दरबार भरवा लागन एक दिवस," गुणाबाई म्हणायची. तोंडाने असं, पण मनातून तिला ते फार आवडायचं. नवरा गेल्यापासून तिला विचारून कोणी काही केलं नव्हतं.

चिठ्ठी अकरा महिन्यांची. वर्षाच्या वर गेलं की रजिस्ट्री करावी लागते, तिचा खर्च आला, कचेरीचे खेटे आले. म्हणून सगळी दुनिया अकरा महिन्यांवर थांबते. पण त्यामुळे कागदाचं वर्ष दरवेळी एक महिना अलीकडे सरकतं. पहिली चिठ्ठी दिवाळीच्या सुमाराला झाली, दुसरी दसऱ्याला, तिसरी पोळा झाल्यावर. दोन्ही वेळा कचेरीच्या आवारात बसून कागद लिहून देणाऱ्या दादाजी अर्जनवीसाने जुना कागद समोर ठेवून नवा उतरवून काढला, किराया सात रुपये कायम, अयूबने सही केली, गुणाबाईने अंगठा लावला, झालं. वाचून दाखवायची ना कोणाला गरज वाटली, ना दादाजीला सवड होती. दोघांचं बरं चाललं होतं. बरं चाललेल्या घरात कागद कोण वाचतो?

आता चौथ्या चिठ्ठीची वेळ आली ती नागपंचमीच्या पुढेमागे, भर पावसात. आणि या खेपेला मात्र बरं चाललेलं नव्हतं.

झालं होतं असं. मागच्या हिवाळ्यात अयूबची आई आली होती, चांद्याच्या दवाखान्यात दाखवायला. खोकल्याने पार चिपाड झालेली. सगळी गल्ली तिला अम्मा म्हणायला लागली. अयूब दिवसभर पेट्या ठोकायचा आणि अम्मा ओट्यावर उन्हात बसायची. पलीकडे गुणाबाई मुरमुऱ्यांची चाळणी घेऊन. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडे नुसत्या पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी गुणाबाईने विचारलं, "वडशाले धानाचा भाव काय चालू आहे वो?" आणि जे बोलणं सुरू झालं ते दोन्ही रांडमुंड बायकांचं, बाप्पा, उतू जाणाऱ्या दुधासारखं. नवरे कसे होते, सासवांनी काय काय केलं, कोणत्या दुष्काळात काय खाल्लं. अम्माची बोली अर्धी हिंदी, गुणाबाईची ठेट झाडीबोली. काही अडलं नाही.

गुणाबाई तिच्यासाठी तांदळाची पेज करायची, वर जिऱ्याची चिमूट. अम्मा ती फुंकून फुंकून प्यायची. उलट अम्माच्या हातचं गुणाबाई काय घेणार? जातीपातीचे दिवस ते. सुरुवातीला फक्त पान घेतलं. मग एका दुपारी अम्माने चहा केला, कपबशी हातात धरून घुटमळत उभी राहिली. गुणाबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि कपबशी घेतली. "कोनी पाह्यलं तं माह्या नावानं गल्लीत दवंडी पिटन," म्हणाली, आणि बशीत ओतून सगळा प्याली. नवरा गेल्यानंतर असे दिवस तिने पाहिले नव्हते. ती सकाळी लवकर भट्टी आटपायची, दुपारी ओट्यावर बसायला मिळावं म्हणून. बाजारात टोपली अर्धी राहिली तरी उठून यायची.

आणि एक दिवस बाजारातून आली तर ओटा रिकामा. खोलीला कुलूप. समोरच्या घरातून कोणी ओरडून सांगितलं, अयूब आईला घेऊन चांदा फोर्ट स्टेशनावर गेला, वडशाच्या गाडीला. दुसऱ्या दिवशी अयूब एकटाच परत आला.

"काऊन नेलं रे एकाएकी?"

"न्यावं लागलं, बाई," एवढंच म्हणाला आणि पत्रा ठोकायला बसला.

गुणाबाईच्या काळजाला ते झोंबलं. जाताना एक शब्द नाही! मी परकी ती परकीच, असं तिच्या मनाने घेतलं. पेज आवडली नसेल. चहाची गोष्ट गल्लीत मी बोलले असेन असं अम्माला वाटलं असेल. नाना शंका. आणि फटकळ बाई सगळं बोलून दाखवते म्हणतात ना, तसं काही नसतं. जे खरं लागलेलं असतं ते तीही गिळते. महिना झाला नसेल तोच वडशाहून चुलत्याचा निरोप आला. अयूब धावत गेला, पण पोचायच्या आधीच सगळं उरकलं होतं. तो परत आल्यावर गुणाबाई दारात जाऊन उभी राहिली, "वाईट झालं बाप्पा," म्हणाली आणि मागे वळली. घरात जाऊन भट्टीपुढे बसून रडली, पण ते त्याने पाहिलं नाही. तिला वाटत राहिलं, अम्माने मला जाताना सांगितलं नाही. त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्याला ठाऊक. तेव्हापासून दोघांत मोजकं बोलणं. अयूबने त्यानंतर एकही खिळा विचारला नाही.

आता चिठ्ठी संपत आलेली. गुणाबाईला धास्ती एकच, हा गेला तर? पाऊस मी म्हणत होता, रात्रीअपरात्री दुखलंखुपलं तर भिंतीपलीकडे हाक मारायला एवढं एकच माणूस. पण असं तोंडाने कोण म्हणणार? मग तिने काय केलं, तर किराया वाढवून मागितला! माणसाची तऱ्हा पाहा. ज्याला धरून ठेवायचं त्यालाच आधी ढकलून पाहायचं.

"घरपट्टी वाढली, कवेलू महागले," ओट्यावर उभी राहून ती म्हणाली. "साडेआठ पडन आता."

अयूबने हातातली कात्री खाली ठेवली. "बाई, दीड रुपया एकदम? पेटीचा भाव तं वाढला नाई. साडेसात देतो."

"साडेसातात काय, बांदरं येऊन माह्ये कवेलू फेरून देनार आहेत?"

"कवेलूचंच म्हनतो मी. दुरुस्ती किरायदारानं करावी असं लिवलं आहे. औंदा पेरणीच्या आधी मी सगळे कवेलू काढून परत फेरले. फुटके निघाले ते बदलाले नवे मीच आनले. फेराचं काम माह्यं, ते ठीक आहे. पन कवेलू तं घराचेच राहतेत ना? मी उद्या गेलो तं सोबत नेनार आहो का?"

"जाशीन कुठी?" गुणाबाईच्या तोंडून पटकन निघालं. मग लगेच सावरून, "बरं. कवेलू मी आनीन, मेहनत तुही. आठ दे."

"आनि ठोकठाकीचं कलम. लग्नसराईत दिवेलागणीले हात थांबवावा लागते, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. जेवनाच्या टाइमापर्यंत तरी मोकळीक द्या."

"ठोक ना! मले काय, मी तशीही झोपत नाई."

"तं पावणेआठ."

गुणाबाईने त्याच्याकडे पाहिलं. बारा आणे वाढले होते. तो राहणार होता. "घे पावणेआठ," ती म्हणाली, "आनि गल्लीत सांगत नको फिरू, बुढीले लुटलं म्हनून." तो हसला नाही. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला वाटलं. त्या संध्याकाळी तिने कितीतरी महिन्यांनी त्याच्या दारात पेजेची वाटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली तशी दोघं कचेरीत गेली. आवारात चिंचेखाली अर्जनविसांची रांग. दादाजी आपल्या सतरंजीवर, पुढ्यात उतरती पेटी, दौत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. अयूबने आपल्या नावाने स्टांप घेऊन आणला, लिहून देणारा तो म्हणून. साक्षीला शेजारचा अर्जनवीस मुखरू मिळाला, दुसरा स्टांप विकणारा.

"मागच्यासारखंच ना?" दादाजीने दौतीत बोरू बुडवला.

"नाई," अयूब म्हणाला, "यंदा बदल आहेत."

"मग थांबा. आधी कच्चा करू. स्टांपावर खोडतोड झाली की दर ओळीला सही-अंगठा, आणि खाली पुन्हा लिहा, अमुक ओळ खोडली ती बरोबर आहे. नस्ती कटकट. मी जुनी चिठ्ठी एकेक कलम वाचतो. बदलायचं असेल तिथे बोला."

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा गुणाबाईने आपल्या घराचा कागद नीट ऐकला.

किराया पावणेआठ, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. लिहिलं. मुदत अकरा महिने. लिहिलं. कवेलू मालकाचे, फेरणी किरायदाराची, आणि ती मिरग लागायच्या आत. ठोकठाक जेवणवेळेपर्यंत. घर सोडायचं झाल्यास एक महिना आधी सांगावं. दादाजी मधेच बोलला, "तसं बाई, आता कचेरीतल्या साहेबाच्या परवानगीशिवाय किरायदाराले काढताच येत नाही. कायदा त्याच्याच बाजूनं आहे. पण कागदात असू द्यावं."

"मले कोनाले काढाचं नाई," गुणाबाई म्हणाली. "वाचा पुढं."

"परवानगीशिवाय खिळा ठोकू नये. राहू द्यायचं?"

"राहू द्या," ती म्हणाली, आणि अयूबकडे पाहून जरा हसली. "तेवढाच माह्या दरबार."

"पोटभाडेकरू ठेवू नये. बरोबर. किरायदाराने पाहुणा अगर नातलग आठ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. बरोबर. विहिरीवर..."

"थांबा," गुणाबाई म्हणाली. "हे काय वाचलं?"

दादाजीने पुन्हा वाचलं.

"अन् हे कोनं लिवलं?"

"मीच लिहिलं. सगळ्यांच्याच चिठ्ठीत असते. महाकालीच्या जत्रेत एकाच्या किरायदाराकडे पाहुणे आले ते पावसाळा लागला तरी हलले नाही. तेव्हापासून घालतो."

गुणाबाईला हसूच आलं. "घ्या! मले ठावं तरी होतं का? लोकाच्या घरी येनारं माणूस मी कायले मोजत बसू? काढा ते. काय म्हनते रे अयूब?"

अयूब चिंचेच्या मुळाकडे पाहत होता. त्याचा चेहरा पाहून गुणाबाईचं हसू तोंडातच राहिलं. मुरमुरे विकणारी बाई, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आठ दिवस म्हणजे किती हे तिला कळत होतं. ओट्यावरचं ऊन तिला आठवलं, आणि अम्मा कधी आली, कधी गेली तेही.

"अयूब," ती हळू म्हणाली, "अम्माले तू याच्यापायी नेलं का रे?"

त्याने खाली पडलेली चिंचेची काडी उचलली आणि मोडली.

"बोल ना!"

"आठ दिस झाले होते, बाई."

मुखरूने मान वर केली. दादाजीचा बोरू हवेतच राहिला. गुणाबाईचा आवाज मात्र असा चढला की पलीकडच्या रांगेतले पक्षकार वळून पाहू लागले.

"अरे मेल्या! दोन पैशाच्या खिळ्याले विचाराले येत होता तू मले! खिळा घेऊन उभा राहत होता दारात! अन् मायसाठी नाई विचारलं? एक भित मधात होती आपल्या. एक भित!"

"खिळ्याच्या कलमात परवानगीशिवाय असं आहे," अयूब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागत होतं. "म्हनून परवानगी मागत होतो. पाहुण्याच्या कलमात परवानगीची गोष्टच नाई. ठेवू नये, एवढंच आहे. म्हनलं, ज्याची मनाई आहे ते मांगाचं कसं? बाईले नाई म्हनता येनार नाई, भिडेखातर हो म्हनतीन, अन् मी सही करून बेइमान होईन. माह्या बाप म्हने, गरिबाजवळ जबान सोडून दुसरं काय राहते."

"दवाखान्याची दवा चालू होती ना तिची?"

"चालू होती. डाक्टर म्हने अजून पंधरा दिस ठेवा. मी बाटली भरून सोबत देल्ली."

दादाजीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "खरं आहे," तो पुटपुटला, "तिथे परवानगीचा शब्द राहिलाच. पण कलम असं धरून कोणी बसते का? आजवर कोणी पाळलं नाही ते."

"यानं पाळलं ना!" गुणाबाई त्याच्यावर कडाडली, आणि तिथेच तिचा जोर संपला. पदर तोंडावर घेऊन ती सतरंजीच्या कडेला बसली. मग म्हणाली, "लिवा दादाजी. याच्या घरी कोनीबी येईन, कितीक दिस राहीन, मालकीन काही म्हननार नाई. असं लिवा. मोठ्या अक्षरात लिवा."

"ते लिहायची गरज नाही, बाई. कलम काढलं की झालं."

"नाई, लिवा!"

"काढूनच टाका," अयूब म्हणाला. "येनारं कोनी राह्यलं नाई आता."

मग तिने किरायाची वाढ मागे घ्यायचा हट्ट धरला. नको मला बारा आणे, म्हणाली, सातच लिहा. अयूबने मान हलवली. "ते बोलनं झालं आहे, बाई. पावणेआठ म्हंजे पावणेआठ." तिने हात जोडले, दादाजीला शपथ घातली, पण तो ऐकेना. बोलल्या शब्दावरून त्याला हलवणं कोणाला जमलं होतं? दादाजीने स्टांपावर पक्का कागद उतरवला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. अयूबने सही केली. गुणाबाईने अंगठा पुढे केला आणि मुखरूने मनगट धरून तो टेकवला. साक्षी झाल्या. कागद असा छान झाला होता की दोघांपैकी कोणाला पुढे त्याचा त्रास होऊ नये.

परत येताना भुरभुर सुरू झाली. गुणाबाई पुढे, अयूब चार पावलं मागे, तिच्या चालीने. तिच्या मनात एकच चाललं होतं. इतके महिने ती अम्मावर रुसून होती. मेलेल्या माणसावर रुसून होती! न सांगता गेली, न सांगता गेली, असं घोकत होती. आणि ती बिचारी गेली नव्हतीच. तिला नेलं होतं. मग न सांगता का? दोन घटका थांबली असती तर मी बाजारातून आलेच असते की. म्हणजे तिला काहीतरी सांगितलं असणार.

पठाणपुऱ्याच्या अलीकडे ती थांबली आणि मागे वळली.

"तिले काय सांगतलं होतं तू? निघताना?"

अयूबने खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला, पुन्हा खाली केला. "राहू द्या ना, बाई."

"सांग."

"नका विचारू."

"तुह्या मायची आन आहे तुले. सांग."

आता त्याला खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं! दुसरा कोणी असता तर सहज म्हणाला असता, गावची आठवण येत होती तिला. पण हा अयूब.

"म्हनलं, अम्मा, चाल. घरमालकीन आठ दिसाच्या वर कोनाले ठेवू देत नाई."

गुणाबाईने भिंतीला हात टेकला. "मंग?"

"पहिले हासली. म्हने, गुणाबाई? नाई रे, तुह्या समजण्यात फरक झाला असन. मी म्हनलं, लिवलं आहे, अम्मा, त्यायचा अंगठा आहे त्याच्यावर. मंग उठून गठुडं बांधलं. म्हने, तिच्या येन्याच्या आत निघू, समोरासमोर तिले बेजार नाई करू." त्याने हातातला रुमाल पिळला. "टांग्यात बसल्यावर म्हने, माह्यं काही चुकलं असन तं माफी मांग तिले माह्या वतीनं."

"अन् तू मांगली नाई."

"कशी मांगू, बाई? मले तं तुमचाच राग आला होता."

गुणाबाई तिथेच, कोणाच्या तरी ओट्याच्या पायरीवर, पावसात बसली. ती आत्ता मोठ्याने रडत होती, चारचौघांत, जशी ती नवऱ्याच्या वेळीही रडली नव्हती. जाणारे येणारे थांबून पाहत होते. कोणी विचारलंही, काय झालं हो बाईला?

"मी नाई म्हनलं होतं रे," ती म्हणत होती. "मले ठावंच नव्हतं. मी तं तिच्यासाठीच लवकर येत होती बाजारातून. सांग ना तिले. मी नाई म्हनलं होतं, सांग तिले."

"बाई," अयूब तिच्यासमोर उकिडवा बसला, "कोनाले सांगू?"

तिने ते ऐकलंच नाही. त्याचा हात धरून ती तेच म्हणत राहिली, सांग तिले, सांग तिले. तोही मग ऐकत बसला.